89 शब्दांचे 24 शब्द : फ्रेंच सारांशलेखनाची रीत

फ्रान्समध्ये तांत्रिक शाखेतून बाकालोरेया ही शालान्त परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना फ्रेंचच्या लेखी पेपरात एक प्रश्न निवडता येतो. त्याचं नाव ‘कोंत्राक्स्यों द तेक्स्त’, म्हणजे उताऱ्याचा संक्षेप. साधारण हजार शब्दांचा वैचारिक उतारा दिलेला असतो. तो एक चतुर्थांश करायचा, म्हणजे सुमारे 250 शब्दांत आणायचा. दहा टक्के कमी-जास्त चालतं, त्याहून नाही. शेवटी आपण किती शब्द लिहिले तो आकडा स्वतःच लिहायचा. पेपराच्या 20 गुणांपैकी 10 गुण या संक्षेपाला असतात. उरलेले 10 गुण त्याच विषयावरच्या निबंधाला.

या संक्षेपाचे नियम आपल्या शाळेतल्या सारांशलेखनापेक्षा कडक आहेत. मूळ लेखकाच्या विचारांचा क्रम बदलायचा नाही. ‘लेखक म्हणतो की’ असं लिहायचं नाही. लेखक ‘मी’ म्हणत असेल तर संक्षेपही ‘मी’ म्हणूनच बोलतो. स्वतःचं मत घालायचं नाही. आणि मूळ वाक्यं उचलायची नाहीत. उताऱ्यातले तुकडे कापून जोडले तर परीक्षक त्याला ‘मोंताज द सितास्यों’, म्हणजे अवतरणांची जुळवाजुळव म्हणतात, आणि गुण कापतात. बहुतेक विद्यार्थी अडतात ते या शेवटच्या नियमापाशी.

नियम कसा पाळायचा ते एका छोट्या परिच्छेदावर पाहू. हा परिच्छेद या लेखासाठीच मूळ फ्रेंचमध्ये रचला असून त्यात 89 शब्द आहेत. त्याचा आशय असा : ‘पूर्वी कॉफीयंत्र, टोस्टर किंवा व्हॅक्युम क्लीनर बिघडला की लोक तो जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेत. आज तो फेकून देतात आणि दुसरा आणतात. याला मोठ्या प्रमाणात उत्पादक जबाबदार आहेत : ते भाग स्क्रूने बसवण्याऐवजी चिकटवून टाकतात, सुटे भाग विकत नाहीत, आणि अखेर दुरुस्ती नव्या वस्तूपेक्षा महाग पडते. पण म्हणून ग्राहक निर्दोष ठरत नाही, कारण त्याला सगळं लगेच हवं असतं आणि आठवडाभर थांबणं आता सोसत नाही.’ याचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण 22 शब्द. दहा टक्क्यांची सवलत धरून 20 ते 24.

नवखा विद्यार्थी पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो आणि प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द शोधतो. ‘ओत्रफ्वा’च्या जागी ‘आवां’, ‘काफत्येर’च्या जागी ‘माशिन आ काफे’. मग तयार होतं : ‘आवां, कां यून माशिन आ काफे न मार्शे प्ल्यू, ओं लापोर्ते शे ल देपानर द्यु क्वँ.’ पूर्वी कॉफीचं यंत्र चालेनासं झालं की ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेत असत, एवढंच ते वाक्य सांगतं. त्यात 17 शब्द गेले, आणि परिच्छेदाचा मुद्दा अजून आलाच नाही. शिवाय वाक्याची घडण जशीच्या तशी मूळचीच राहिली. शब्द बदलले तरी ही नक्कलच आहे.

जाणकार शिक्षक आधी लेखणी खाली ठेवायला लावतात. उतारा दोनदा वाचायचा आणि फक्त जोडशब्दांखाली रेघ मारायची. आपल्या परिच्छेदात ते चार आहेत : ‘ओत्रफ्वा’ (पूर्वी), ‘ओझुर्द्वी’ (आज), ‘मे’ (पण), ‘कार’ (कारण). त्यांवरून सांगाडा दिसतो : पूर्वी आणि आज यांतला फरक, त्याचं पहिलं कारण, मग ‘पण’ म्हणून दुसरं. हा सांगाडा तीन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायचा, मूळ उतारा उलटा ठेवायचा आणि त्या ओळींवरूनच संक्षेप लिहायचा. डोळ्यांसमोर मूळ वाक्य नसलं की ते उचललं जात नाही.

पुढची दोन तंत्रं शब्द वाचवतात आणि वाक्याची घडणही बदलतात. पहिलं म्हणजे यादीच्या जागी एक व्यापक नाम. कॉफीयंत्र, टोस्टर, व्हॅक्युम क्लीनर या तिघांना फ्रेंचमध्ये ‘एलेक्त्रोमेनाझे’, म्हणजे घरगुती विद्युत उपकरणं, हे एकच नाव पुरतं. चिकटवलेले भाग, न मिळणारे सुटे भाग आणि महाग दुरुस्ती ही उदाहरणं आहेत. त्यांतून निघणारा विचार एकच, उद्योग दुरुस्तीत अडथळा आणतो. संक्षेपात विचार राहतो, उदाहरणं जातात.

दुसरं तंत्र क्रियापदाचं किंवा पूर्ण उपवाक्याचं नाम करण्याचं. फ्रेंच भाषेला हे फार सोपं जातं, कारण क्रियापदापासून नाम घडवणारे प्रत्यय तिच्याकडे भरपूर आहेत : ‘रांप्लासे’ (बदलून नवं घेणं) वरून ‘रांप्लासमां’, ‘देपाने’ (बिघाड काढणं) वरून ‘देपानाझ’. ‘ल फे क ले प्री ओग्मांत’, म्हणजे किमती वाढतात ही गोष्ट, हे सहा शब्द ‘ला ओस दे प्री’, म्हणजे किमतींची वाढ, या चार शब्दांत येतात. आपल्या परिच्छेदात ग्राहकाला सगळं लगेच हवं असतं आणि थांबणं सोसत नाही, एवढ्या मोठ्या उपवाक्याला एकच नाम पुरतं : ‘अँपास्यांस’, उतावीळपणा.

आता संक्षेप असा होतो : ‘ओं न देपान प्ल्यू लेलेक्त्रोमेनाझे, ओं ल रांप्लास. लँद्युस्त्री, की आंत्राव ला रेपारास्यों, आंने कूपाब्ल, मे लँपास्यांस देझाश्तर ओसी.’ म्हणजे, घरगुती उपकरणं आता दुरुस्त होत नाहीत, नवीन घेतली जातात. दुरुस्तीत अडथळा आणणारा उद्योग याला दोषी आहे, पण खरेदीदारांचा उतावीळपणाही. मोजले तर बरोबर 24 शब्द. ‘लेलेक्त्रोमेनाझे’ आणि ‘लँद्युस्त्री’ हे कानाला एकेक वाटतात, पण लिहिताना नामाआधीचा ‘ल’ स्वल्पचिन्हाने तुटतो आणि वेगळा मोजला जातो. ‘प्ल्यू’, म्हणजे ‘आता नाही’, या एका शब्दात पूर्वी आणि आज दोन्ही मावले.

‘रेपारास्यों’, म्हणजे दुरुस्ती, हा शब्द मूळ उताऱ्यातलाच आहे, आणि तो मुद्दाम ठेवला आहे. विषयाचा कणा असलेले शब्द बदलायचे नसतात. लोकशाहीवरच्या उताऱ्यात लोकशाहीला ओढूनताणून दुसरं नाव शोधलं तर अर्थ सरकतो. नक्कल ओळखण्यासाठी लिहून झाल्यावर दोन्ही मजकूर शेजारी ठेवावेत. सलग चार शब्द जसेच्या तसे आढळले तर ती जागा पुन्हा लिहावी.

दोन धोके मात्र उरतात. नामांचा अतिरेक झाला की ‘च्या, च्या, च्या’ अशी ‘द’ची साखळी तयार होते आणि वाक्य गुदमरतं, सलग दोन ‘द’ आले की तिसऱ्याच्या जागी क्रियापद आणावं. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. लेखकाने ‘बऱ्याचदा’ म्हटलं असेल आणि संक्षेपात ते ‘नेहमी’ झालं, तर शब्द स्वतःचे असूनही विचार परका झाला. वरच्या संक्षेपात ‘मोठ्या प्रमाणात’ हा शब्द गेला, पण शेवटच्या ‘ओसी’मुळे, म्हणजे ‘ही’मुळे, दोष एकट्या उद्योगाचा नाही हे टिकून राहिलं.

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकून देल्फ किंवा दाल्फ परीक्षेला बसणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे दोन मोकळ्या जागांमध्ये जे येतं तो एक शब्द, म्हणून ‘सेतादीर’ (म्हणजेच) एकच मोजला जातो. फ्रान्समधल्या स्पर्धा परीक्षांत तोच चार शब्दांचा होतो. उत्तर लिहायला घेण्याआधी प्रश्नपत्रिकेवरचा शब्दमोजणीचा नियम वाचा, आणि मगच पहिली ओळ लिहा.