दिव्यांच्या गर्दीत हरवलेली तारीख

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरगुती फराळाच्या जाहिराती फोनवर यायला लागतात. मजकूर चार ओळींचाच असतो: काय मिळेल, किती रुपयांना, कधीपर्यंत सांगायचं. त्या चार ओळींभोवती मात्र दिवे, चांदण्या, हात जोडलेली चित्रं आणि दहा-बारा हॅशटॅग असतात. दिसणाऱ्या माणसाची नजर ही सगळी सजावट ओलांडून थेट किमतीवर जाते. ऐकून वाचणाऱ्याला ते जमत नाही. त्याच्या फोनमधला स्क्रीन रीडर पहिल्या चिन्हापासून सुरुवात करतो आणि वाटेत जे येईल त्याचं नाव घेत पुढे जातो. डोळ्यांना ज्या सजावटीसाठी क्षणभरही थांबावं लागत नाही, तिच्यासाठी कानांना वेळ द्यावा लागतो. म्हणून सणाची कॅप्शन लिहिताना विचारायचा प्रश्न एकच असतो: कामाची गोष्ट कितव्या सेकंदाला ऐकू येते?

समजा, अशी एक जाहिरात आहे. नमुना मी बनवलेला आहे, पण त्यातली प्रत्येक सवय रोज पाहायला मिळते.

```
●▬▬▬๑۩۩๑▬▬▬●
✨🪔✨ शुभ #दीपावली ✨🪔✨
👉🏻 #घरगुतीफराळ 😋😋😋
👉🏻 🥟 अर्धा किलो ३२० रु.
👉🏻 चकली अर्धा किलो ३०० रु.
👉🏻 नोंदणी 3️⃣0️⃣ तारखेपर्यंत 🙏🏽🙏🏽
#सणमहाराष्ट्राचा #diwalifaral
```

आता हे ऐकू. फोन इंग्रजीत ठेवलेला असेल, आणि आपल्याकडे असे फोन पुष्कळ आहेत, तर चित्रांची नावं इंग्रजीत येतात. पहिली ओळ काही स्क्रीन रीडर गिळून टाकतात, काही मात्र चिन्हागणिक वाचतात: ब्लॅक सर्कल, ब्लॅक रेक्टँगल. मधली वळणदार चिन्हं आपण नक्षी म्हणून वापरतो, पण नक्षी म्हणून ती कुणीच तयार केलेली नाहीत. ‘๑’ हा थाई लिपीतला एक आकडा आहे. ‘۩’ हे कुराणाचं पठण करताना सजदा कुठे करायचा ते दाखवणारं चिन्ह आहे. संगणकाला अक्षराचा आकार दिसत नाही, त्याला फक्त त्याची ओळख कळते. सुंदर दिसतात म्हणून उचललेल्या अशा सगळ्या खुणांचं हेच होतं. ‘𝓗𝓪𝓹𝓹𝔂’सारखी वळणदार इंग्रजी अक्षरंही त्यातलीच. ती मुळात गणितातल्या सूत्रांसाठी युनिकोडमध्ये घेतलेली आहेत. काही ठिकाणी ती ‘मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एच’ अशी एकेक करून वाचली जातात आणि काही ठिकाणी अख्खा शब्दच गायब होतो. अशा सजावटीला मी कुठेच जागा देणार नाही. तिच्यात राखण्यासारखं काही नाही.

इमोजींचं तसं नाही. इमोजीला स्वतःचं नाव असतं आणि ते नाव ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं. पणतीचं चित्र २०१९ साली युनिकोडमध्ये आलं. ‘दिया लँप’ असं एकदाच ऐकू आलं तर त्यात सणाचा आनंदच आहे. न दिसणारी माणसंही इमोजी वापरतात, पाठवतात, त्यांतला भाव त्यांना हवा असतो. म्हणून सगळी चित्रं खरवडून काढा, असं मी म्हणणार नाही. अडचण होते ती त्यांच्या संख्येमुळे आणि जागेमुळे. आपल्या नमुन्यात ‘शुभ’ हा शब्द येण्याआधीच ‘स्पार्कल्स, दिया लँप, स्पार्कल्स’ झालेलं असतं. ‘शुभ दीपावली’ संपली की तेच तिन्ही पुन्हा. मग बोट: ‘बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट, लाइट स्किन टोन’. हे चार ओळींच्या सुरुवातीला चार वेळा. हात आणि माणसं यांच्या चित्रांना त्वचेचा रंग निवडला की प्रत्येक वेळी त्या रंगाचंही नाव जोडलं जातं. नेहमीचा पिवळा ठेवला तर एवढा तरी भार कमी होतो. काही स्क्रीन रीडर ओळीने आलेली सारखी चित्रं मोजून एकदाच सांगतात, पण त्या भरवशावर राहता येत नाही.

याहून मोठी चूक चौथ्या ओळीत आहे आणि ती चटकन लक्षात येत नाही. तिथे ‘करंजी’ हा शब्दच नाही, त्याच्या जागी चित्र आहे. करंजीची इमोजी अस्तित्वात नाही, मोदकाचीही नाही. त्यामुळे आपण दोन्हींसाठी जे चित्र वापरतो त्याचं नाव आहे ‘डंपलिंग’. ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच: डंपलिंग, अर्धा किलो, ३२० रुपये. आकाशकंदिलाचीही हीच गत होते. त्याच्यासाठी सर्रास वापरतात ते 🏮 मुळात जपानी खानावळीबाहेर टांगलेल्या लाल कागदी दिव्याचं चित्र आहे आणि त्याचं नावही ‘रेड पेपर लँटर्न’ असंच येतं. फटाक्याच्या बारासाठी 💥 टाकलं तर ‘कोलिजन’, म्हणजे टक्कर, ऐकू येते. आपले सण आणि इमोजींची यादी यांचा मेळ अर्धाच बसतो. म्हणून इमोजी शब्दाशेजारी असावी, शब्दाऐवजी कधीच नसावी. चित्र काढून टाकल्यावर वाक्य पूर्ण राहतं का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

तारखेचं काय झालं तेही पाहू. निळ्या चौकटीतले आकडे उठून दिसतात म्हणून वापरतात, पण ते वाचले जातात ‘कीकॅप थ्री, कीकॅप झिरो’ असे. ‘तीस’ कुठेच ऐकू येत नाही. फोन नंबर असा लिहिला तर दहा आकड्यांसाठी दहा वेळा ‘कीकॅप’ ऐकावं लागतं, शिवाय साध्या आकड्यांत लिहिलेला नंबर दाबला की थेट फोन लागतो, ती सोयही जाण्याची शक्यता असते. तारीख, वेळ, किंमत आणि नंबर नेहमी साध्या आकड्यांत लिहावेत.

आता हॅशटॅग. इंग्रजीत याचं उत्तर सोपं आहे. ‘#diwalifaral’ हे सलग वाचलं जातं आणि उच्चार भलताच येऊ शकतो. ‘#DiwaliFaral’ असं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं की बहुतेक स्क्रीन रीडर दोन शब्द वेगळे म्हणतात. शोधताना मोठ्या-छोट्या अक्षरांनी फरक पडत नाही, म्हणजे यात गमावण्यासारखं काही नाही.

देवनागरीत मोठं अक्षर नसतं, त्यामुळे ही युक्ती आपल्याला उपयोगाची नाही. आणि जोडून लिहिण्यात मराठीची एक खास अडचण आहे. ‘सण’ म्हणताना आपण शेवटच्या ‘ण’मधला ‘अ’ उच्चारत नाही. स्क्रीन रीडरचा आवाजही शब्द तिथे संपला तर हे पाळतो. पण ‘#सणमहाराष्ट्राचा’ लिहिलं की ‘ण’ शब्दाच्या पोटात जातो. आता कुठला ‘अ’ म्हणायचा आणि कुठला सोडायचा, याचा यंत्राला अंदाज करावा लागतो आणि ‘सणम्हाराष्ट्राचा’ असं काहीतरी ऐकू येण्याचा धोका राहतो. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, जोडरेघही चालत नाही, तिथेच टॅग तुटतो. चालते ती खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर: ‘#दिवाळी_फराळ’. काही स्क्रीन रीडर ती रेघही ‘अंडरस्कोअर’ म्हणून वाचतात, तरी शब्द स्वच्छ कळतात. एक गोष्ट मात्र सोडावी लागते: ‘#दिवाळी_फराळ’ आणि ‘#दिवाळीफराळ’ हे दोन वेगळे टॅग आहेत, आणि लोक जोडलेलाच जास्त वापरत असतील तर तुमचा मजकूर त्यांच्या रांगेत दिसणार नाही. शक्य तिथे ‘#दिवाळी’, ‘#फराळ’ असे एकाच शब्दाचे टॅग घेतले की हा पेच उरत नाही.

टॅग वाक्यात पेरू नयेत. स्क्रीन रीडर प्रत्येक चिन्हापाशी ‘हॅश’ किंवा ‘नंबर’ म्हणून वाक्य तोडतो, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या व्याकरणात आहे. मराठीत नाम वाक्यात आलं की त्याला प्रत्यय लागतो. ‘#पुण्यातल्या ग्राहकांसाठी’ लिहिलं तर वाक्य बरोबर आहे, पण टॅग ‘पुण्यातल्या’ झाला आणि ‘पुणे’ शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. ‘#पुणे मधल्या’ लिहिलं तर टॅग बरोबर, पण मराठी मोडकी. टॅग शेवटी वेगळ्या ओळीत ठेवले की वाक्यही शाबूत राहतं आणि टॅगही. ऐकणाऱ्यालाही मजकूर संपल्यावर टॅग न ऐकता पुढे सरकता येतं. दोन-तीन टॅग भरपूर झाले.

हे सगळं लक्षात घेऊन तीच जाहिरात अशी होते:

```
घरगुती दिवाळी फराळाची नोंदणी सुरू आहे.
करंजी: अर्धा किलो ३२० रुपये.
भाजणीची चकली: अर्धा किलो ३०० रुपये.
नोंदणी ३० तारखेपर्यंत. शुभ दीपावली! 🪔

#दिवाळी #घरगुती_फराळ
```

‘रु.’चं ‘रुपये’ केलं, कारण संक्षेप कसा वाचला जाईल याचा नेम नसतो. बोटांची जागा ओळ बदलून आणि पूर्णविराम देऊन भरून काढली, कारण स्क्रीन रीडरचा आवाज विरामचिन्हापाशी खरोखर थांबतो. शुभेच्छा शेवटी गेल्या. त्या आधी हव्या असतील तर खुशाल घ्या, फक्त एका वाक्यात आणि शब्दांत. दिसणाऱ्यांसाठीही यात तोटा नाही: बऱ्याच ठिकाणी लांब कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि त्या जागी आता नक्षी नसून कामाचं वाक्य आहे.

पुष्कळ घरगुती व्यावसायिक दरपत्रक सुंदर चित्रात बनवतात आणि खाली फक्त दिवे टाकतात. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला भरवशाने वाचता येत नाहीत. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर चित्राला पर्यायी मजकूर जोडता येतो, तो जरूर जोडावा. पण तीच जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा सोबत जाते ती कॅप्शनच. म्हणून दर आणि तारीख कॅप्शनमध्येही असायला हवी.

पाठवण्याआधी स्वतः ऐकून पाहता येतं. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतं, आयफोनवर त्याच जागी व्हॉइसओव्हर. सुरू करण्याआधी ते बंद करण्याचा शॉर्टकट लावून ठेवा, कारण एकदा सुरू झालं की फोन वेगळ्या तऱ्हेने चालतो: एका स्पर्शाने गोष्ट वाचली जाते आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरणं हा नेहमीचा शॉर्टकट आहे, आयफोनवर बाजूचं किंवा होम बटण तीनदा दाबणं. मग मजकूर स्वतःलाच पाठवा, डोळे मिटा आणि एकदाच ऐका. काय, किती रुपयांना आणि कधीपर्यंत, हे तिन्ही न अडखळता कळलं तर पाठवायला हरकत नाही. तारीख ऐकायला परत मागे जावं लागलं तर तिच्या आधीचं काय काढता येईल ते पाहा. तुमच्या फोनवर नीट वाचलं गेलेलं दुसऱ्याच्या फोनवर तसंच वाचलं जाईल, असं मात्र धरू नका. आवाज, भाषा आणि चिन्हं वाचण्याची सेटिंग प्रत्येकाची वेगळी असते. ऐकून वाचणारं एखादं गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर पहिली जाहिरात त्यालाच पाठवून विचारा.