फराळाची ऑर्डर, पण नात्याला धक्का न लावता

घरून भाजणी, मेतकूट, चकल्या विकणाऱ्या बहुतेकजणी सुरुवातीला एकच गोष्ट करतात. फोनमधल्या सगळ्या ओळखीच्यांचा ग्रुप बनवतात आणि रोज फोटो टाकतात. आठवड्याभरात निम्मे लोक ग्रुप म्यूट करतात आणि काही सोडून जातात. जे राहतात त्यांचे नंबर अनोळखी माणसांपुढे उघडे पडलेले असतात, याचाही अनेकांना राग येतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

ब्रॉडकास्ट लिस्ट वेगळी चालते. एका लिस्टमध्ये 256 जण घेता येतात, पण मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र चॅटमध्ये जातो. कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही आणि उत्तरही फक्त तुमच्याकडे येतं. यात एक अट मात्र आहे: ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच हा मेसेज पोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. माझ्या मते, आपला मेसेज कोणाला हवा आहे हे ठरवायला हीच अट सगळ्यात चांगली आहे.

समजा, डोंबिवलीतली एक ताई दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय सुरू करते आहे. तिने त्यासाठी वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करावं, कारण एक नंबर एका वेळी साध्या किंवा बिझनेस अ‍ॅपपैकी एकावरच चालतो आणि कॅटलॉग फक्त बिझनेसमध्येच असतो. नव्या नंबरावर तिची लिस्ट शून्यापासून सुरू होईल, तेव्हा घाबरू नये. पहिल्या गिऱ्हाईकाला भाजणीचं पाकीट देताना सोबत चिठ्ठी द्यावी: ‘पुढच्या वेळी काय तयार आहे ते कळवू का? हवं असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि “हो” एवढं लिहून पाठवा.’ ज्यांचा ‘हो’ येईल तेवढेच लिस्टमध्ये घ्यावेत. अशा चाळीस जणांकडून ज्या ऑर्डरी येतात, त्या न विचारता भरलेल्या दोनशे नावांकडून क्वचितच येतात.

मेसेज कोणाला पोचला हे बघायचं असेल तर पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरावं आणि माहिती उघडावी. पोचलेल्यांमध्ये एखादं नाव दर वेळी गायब असेल, तर बहुधा त्या माणसाने नंबर सेव्ह केलेला नाही किंवा आपल्याला ब्लॉक केलंय. दोन-तीन वेळा असं झालं की ते नाव लिस्टमधून काढावं. फोन करून ‘मेसेज मिळाला का?’ विचारू नये.

कॅटलॉग म्हणजे दुकानातली काचेची मांडणी. ज्याला बघायचंय तो येऊन बघेल, त्यासाठी कोणाच्या चॅटमध्ये वीस फोटो ओतायला नकोत. प्रत्येक पदार्थाला नाव, किंमत आणि वर्णन लिहिता येतं, दहापर्यंत फोटो जोडता येतात. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, विकायच्या पाकिटासह काढावा. ‘किंमत मेसेजमध्ये विचारा’ असं कधीही लिहू नये, कारण किंमत विचारून मग नाही म्हणणं ओळखीच्या माणसाला फार अवघड जातं आणि पुढच्या वेळी तो कॅटलॉग उघडतच नाही. वर्णन असं असावं: ‘भाजणीची चकली, अर्धा किलो, शेंगदाणा तेलात तळलेली, पंधरा दिवस टिकते, दोन दिवस आधी सांगावं लागेल.’ हंगाम संपला की पदार्थ पुसून न टाकता कॅटलॉगमध्येच लपवावा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा सगळं लिहावं लागत नाही.

मग दिवाळीच्या तीन आठवडे आधी लिस्टवर एकच मेसेज, तोही कॅटलॉगमधल्या एका पदार्थासह:

‘नमस्कार! यंदाच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. किमती सोबतच्या कॅटलॉगमध्ये आहेत. वसुबारसेच्या चार दिवस आधीपर्यंत कळवा, म्हणजे ताजं देता येईल. हे मेसेज नको असतील तर “नको” लिहा, मी नाव काढेन.’

दुसरा मेसेज मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, पण ज्यांनी ऑर्डर दिलीय त्यांना तो जाऊ नये. ब्रॉडकास्ट लिस्ट आपोआप नावं गाळत नाही. म्हणून ऑर्डर आली की त्या चॅटला ‘ऑर्डर आली’ असं लेबल लावावं आणि दुसरा मेसेज पाठवण्याआधी ती नावं लिस्टमधून काढावीत. दहा मिनिटांचं काम आहे, पण पैसे दिलेल्या काकूंना ‘अजून ऑर्डर दिली नाहीत?’ असं विचारलं जात नाही.

मधल्या दिवसांत तळणीचे, पॅकिंगचे फोटो दाखवावेसे वाटले तर ते स्टेटसला टाकावेत. तिथे कोणाच्याही चॅटमध्ये मेसेज जात नाही. आणि कोणी ‘नको’ लिहिलं तर ‘बरं, काढलं नाव’ एवढंच उत्तर द्यावं आणि खरोखर लगेच काढावं. कारण वैतागलेली माणसं ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात, आणि तक्रारी वाढल्या तर व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करू शकतं, तोही बहुधा ऑर्डरींच्या ऐन गर्दीत.