पासष्ट किलोमीटरचा झोत म्हणजे किती नॉट?

मान्सून जवळ आला की हवामान खात्याच्या किनारपट्टीच्या इशाऱ्यात एक ठरावीक आकडा वारंवार दिसू लागतो. वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनमधून येणारे झोत ६५ किलोमीटरपर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. वर्तमानपत्र आणि टीव्ही हाच आकडा उचलतात. शिडाची बोट चालवणाऱ्याला मात्र तो नॉटमध्ये हवा असतो, कारण त्याचा नकाशा, भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा वेग, बोटीचा वेग आणि डोलकाठीवरचा वारामापक, सगळे नॉटमध्येच बोलतात.

एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. हा मैल जमिनीवरच्या मैलापेक्षा मोठा असतो. १९२९ साली मोनॅको येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण परिषदेने त्याची लांबी १८५२ मीटर ठरवली. ती निवडली अक्षांशाच्या एका मिनिटावरून, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागावरून. पृथ्वी अगदी गोल नसल्याने हे मिनिट विषुववृत्तावर सुमारे १८४३ मीटर, तर ध्रुवांपाशी १८६२ मीटर भरते. मुंबईच्या अक्षांशावर ते १८४५ मीटरच्या आसपास आहे. सात मीटरचा हा फरक होडीवर कोणी मोजत नाही. नकाशाच्या उभ्या कडेवरचे अंतर कंपासने उचलले की मैल मिळतात आणि त्यांना नॉटने भागले की तास. गेटवेहून मांडव्याचे अंतर साधारण सात-आठ मैल आहे. बोट पाच नॉटने चालत असेल तर दीड तास, हे कागद न घेता सांगता येते.

तेव्हा किलोमीटरचे नॉट करायचे तर १.८५२ ने भागायचे, किंवा ०.५४ ने गुणायचे. दोन्हींतला फरक दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. पण धक्क्यावर उभे राहून १.८५२ ने कोण भागणार? त्यापेक्षा आकडा निम्मा करा आणि निम्म्याचे शेकडा आठ त्यात मिळवा. ४५ चे निम्मे २२.५, त्याचे शेकडा आठ १.८, बेरीज २४.३ नॉट. ५५ चे निम्मे २७.५, त्यात २.२ घातले की २९.७. झोताच्या ६५ चे निम्मे ३२.५, त्यात २.६ मिळवले की ३५.१. म्हणजे नावाड्याच्या भाषेत तो इशारा असा झाला: वारा २४ ते ३० नॉट, झोत ३५ नॉट.

शेकडा आठऐवजी सरळ दहावा भाग मिळवला तर हिशोब आणखी सोपा होतो आणि उत्तर जेमतेम दोन टक्के जास्त येते. ६५ चे ३५.७५ होतात. वाऱ्याच्या बाबतीत चूक या बाजूला झालेली चालते. उलट दिशेनेही अशीच सोय आहे. बोटीची मर्यादा २० नॉट असेल तर दुप्पट करून दहावा भाग वजा करा, ३६ किलोमीटर मिळतात. खरे उत्तर ३७ आहे, पण मर्यादा एकाने आधीच लागू झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

बिघडते ते नुसते दोनने भागल्यावर. ६५ चे साडेबत्तीस करून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, आणि ‘अडीच नॉटने काय होते’ असे त्यांचे म्हणणे असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे वेगात सात टक्क्यांची तूट म्हणजे दाबात चौदा टक्क्यांची. शिवाय बोफर्टच्या श्रेणीत २८ ते ३३ नॉट म्हणजे सातवी पायरी आणि ३४ पासून आठवी, जिला दर्यावर्दी ‘गेल’ म्हणतात. ही श्रेणी सरासरी वाऱ्यासाठी आहे, झोतांसाठी नाही, हे खरे. पण झोत येतो तेव्हा दोर आणि शिडाची शिवण यांच्यावर ताण त्या झोताचाच पडतो. दोनने भागणाऱ्याने तो ताण आठव्या पायरीवरून सातव्या पायरीवर आणून ठेवलेला असतो, आणि तोही मनातल्या मनात.

हवामान खात्याच्या स्वतःच्या तक्त्यात एक गंमत आहे. अरबी समुद्रातल्या प्रणालींची वर्गवारी तिथे दोन रकान्यांत दिलेली असते. डिप्रेशन म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर किंवा १७ ते २७ नॉट, डीप डिप्रेशन म्हणजे ५० ते ६१ किलोमीटर किंवा २८ ते ३३ नॉट, आणि ६२ किलोमीटर किंवा ३४ नॉटपासून चक्रीवादळ. आता ५० किलोमीटर १.८५२ ने भागून पाहा. उत्तर बरोबर २७ नॉट. किलोमीटरच्या रकान्याप्रमाणे हे डीप डिप्रेशन, नॉटच्या रकान्याप्रमाणे साधे डिप्रेशन. ६२ किलोमीटरचेही तसेच, ते साडेतेहेतीस नॉट होतात आणि ३३ व ३४ यांच्या फटीत सापडतात.

कोणाचा हिशोब चुकला असे नाही. या प्रणालींचा जोर उपग्रहाच्या चित्रांवरून अजमावतात. ढगांच्या घडणीवरून जोर ओळखण्याची ही पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात बसवली, आणि तिच्यातून येणारा वारा २५, ३०, ३५, ४५, ५५ अशा नॉटच्या टप्प्यांतच येतो. २७ किंवा ३४ नॉट असा अंदाज त्यातून निघतच नाही, म्हणून सीमेवरच्या त्या फटीचा प्रत्यक्षात त्रास होत नाही. आपण वाचतो ते किलोमीटर अशा पाचाच्या पटीतल्या नॉटवरून काढून पाचा-दहाच्या पूर्णांकावर आणलेले असतात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वारा ताशी ११० किलोमीटर नोंदला गेला. त्याचे नॉट केले तर ५९.४ येतात, कारण मुळात तो आकडा ६० नॉट होता. एकदा पूर्णांक केलेल्या आकड्याला परत फिरवून दशांशापर्यंत अचूकता शोधण्यात अर्थ नाही. पत्रकात नॉटचा आकडा दिलेला असेल तर तोच घ्यावा. नसेल तर एकदाच भागावे आणि शेवटी एकदाच पूर्णांक करावा, झोताचा असेल तर वरच्या बाजूला.

एकक बदलले म्हणून सगळेच बदलते असेही नाही. आपले हवामान खाते चक्रीवादळाचा वारा तीन मिनिटांच्या सरासरीने सांगते, तर अमेरिकी नौदलाचे केंद्र एका मिनिटाच्या. सरासरीचा काळ जितका लहान, तितका आकडा मोठा. एकाच वादळाचे दोन आकडे किलोमीटरमध्ये न जुळणारे दिसले आणि नॉटमध्ये करूनही जुळले नाहीत, तर भागाकारात खोट शोधत बसू नये.

आता अशी चूक, जी खरोखर घात करते. मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये एककाचे बटण असते: `km/h`, `kt`, `m/s`. कोणी मुलाच्या हातात फोन देतो, कोणाचे अॅप अद्ययावत होते आणि एकक गुपचूप बदलते. आकड्याशेजारची ती दोन अक्षरे बारीक असतात. २५ असा आकडा दिसतो. तो किलोमीटरचा असेल तर साडेतेरा नॉट झाले. नॉटचा असेल तर ताशी ४६ किलोमीटर. १.८५२ चा वर्ग ३.४३, म्हणजे दाबात जवळजवळ साडेतीनपट फरक. वीस चौरस मीटरचे शीड वाऱ्याला आडवे धरले तर पहिल्या वाऱ्यात त्यावर सुमारे साठ किलोचा भार येतो आणि दुसऱ्यात दोनशे किलोहून जास्त. पहिल्यात दोन माणसे बोट आरामात सांभाळतील. दुसऱ्यात ती शीड लहान करण्यासाठी रीफचे दोर ओढत असतील, आणि तेही जमले तर.

ही चूक ओळखायची एक खात्रीची रीत आहे. विमानतळाचा हवामान अहवाल भारतात नॉटमध्येच निघतो आणि एकक आकड्याला चिकटूनच येते. मुंबई विमानतळाच्या अहवालात समजा `32013KT` असे लिहिले आहे. म्हणजे वारा ३२० अंशांवरून, वायव्येकडून, १३ नॉट. त्याच वेळी अॅप २४ दाखवत असेल तर २४ ला १३ ने भागा. उत्तर १.८५ च्या आसपास आले की अॅप किलोमीटरवर आहे. विमानतळ किनाऱ्यापासून थोडा आत असल्याने आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण एककाचा घोळ लपत नाही. समुद्राकडे बघूनही कळते. १३ नॉटला पांढरे तुरे अधूनमधून उठतात आणि मधे हिरवे पाणी दिसत राहते. २५ नॉटला तुरे सगळीकडे असतात आणि फेसाचे तुषार उडू लागतात.

हाच २४ किलोमीटरचा, १३ नॉटचा वायव्य वारा म्हणजे कोकण किनाऱ्यावरच्या कोरड्या ऋतूतल्या दुपारचा नेहमीचा खारा वारा. तो घेऊन गेटवेहून मांडव्याकडे निघालेली बोट जवळजवळ वाऱ्याच्या दिशेनेच जाते. ती पाच नॉटने पळत असल्याने डोलकाठीवरचा मापक तेवढा वारा वजा करूनच दाखवतो, आठ-साडेआठ नॉट. त्यावर विसंबून अंदाज चुकला असे धरणारे भेटतात. परतताना मात्र बोट वाऱ्याकडे तोंड करून, ४५ अंशांच्या कोनात नागमोडी वर चढते आणि मापकावर १७ नॉट येतात. वारा दोन्ही वेळा १३ चाच आहे. साडेआठच्या दुप्पट सतरा, म्हणजे शिडावर चौपट दाब. म्हणून रीफ घ्यायची की नाही हे मांडव्याच्या आडोशाला, बोट वळवण्याआधी ठरवावे, आणि ठरवताना मापकावरचे साडेआठ बाजूला ठेवून अंदाजातले तेराच धरावेत.