आधी कोण घसरते?

पांढुर्णा किंवा सौंसरच्या बाजारात जस्ताचा मुलामा दिलेली नवी बादली उन्हात धरली, की तिच्यावर करड्या फुलांची नक्षी दिसते. त्यातले प्रत्येक फूल म्हणजे जस्ताचा एक स्फटिक. असा एकच स्फटिक तारेच्या रूपात मिळाला आणि ती तार दोन्ही टोकांनी ओढली, तर ती कुठून हार मानेल?

जस्ताचे अणू पत्त्यांच्या कॅटासारखे थरांत रचलेले असतात. साध्या तापमानाला घसरण मुख्यतः याच थरांवर आणि थरातल्या तीन ठरावीक दिशांनीच होते. थर आणि दिशा यांची जोडी म्हणजे एक घसरण-प्रणाली. आपण तार सरळ ओढतो, घसरण मात्र तिरपी होते. म्हणून ओढीचा किती वाटा घसरणीच्या कामी येतो, हे काढावे लागते. त्या वाट्याला आपण घसरण-ताण म्हणू.

ओढ आणि थरावरचा लंब यांतील कोन φ, ओढ आणि घसरणीची दिशा यांतील कोन λ. थर तिरपा असल्याने बल अधिक क्षेत्रावर पसरते, म्हणून एकदा cos φ. त्या बलाचा दिशेने पडणारा भागच उपयोगी, म्हणून cos λ.

τ = σ cos φ cos λ

घसरण-ताण τ एका ठरावीक मर्यादेला पोचला, की घसरण सुरू होते. हा नियम एरिक श्मिड यांच्या नावाने ओळखला जातो. 1920 च्या दशकात जस्ताच्या तारांवरच तो प्रथम पारखला गेला.

समजा φ 60 अंश आहे. मग थरावरील सर्वांत उताराची रेषा ओढीशी 30 अंश करते. तीन दिशा त्या रेषेपासून 20, 40 आणि 80 अंशांवर आहेत. तर cos φ cos λ अनुक्रमे 0.41, 0.33 आणि 0.08 येतो. थर एकच, तरी पहिली दिशा जिंकते. मर्यादा 0.2 मेगापास्कल धरली, तर तार सुमारे 0.49 मेगापास्कलला घसरेल. दुसऱ्या दिशेला 0.6 लागले असते.

थर ओढीला काटकोनात असला, की cos λ शून्य होतो. समांतर असला, की cos φ. दोन्ही वेळा थर घसरत नाही. काटकोनाच्या बाबतीत तर तार थरावरच दुभंगू शकते. म्हणजे सूत्र घसरण सांगते, तुटणे नाही.

आणखी एक मर्यादा अशी, की घसरताना थर ओढीच्या दिशेकडे वळत जातो, कोन बदलतात. म्हणून हे भाकीत पहिल्या क्षणापुरतेच खरे. पडताळणी मात्र सोपी आहे. तारेवर तिरप्या बारीक रेघा उमटतात. त्यांचा कल थराचा कोन सांगतो. पण तिन्ही दिशांचा थर एकच असल्याने कोणती दिशा जिंकली, हे रेघांच्या कलावरून कळत नाही. त्यासाठी तार कोणत्या बाजूला सरकली, हेच पाहावे लागते.