यांबुकूच्या पाच सिरिंजा

काँगोमधलं, म्हणजे तेव्हाच्या झाईरमधलं, यांबुकू हे आडगाव. तिथल्या मिशनरी रुग्णालयात 1976च्या ऑगस्टअखेर गावातले एक शिक्षक तापानं फणफणून आले. हिवताप समजून त्यांना क्लोरोक्वीनचं इंजेक्शन दिलं गेलं. त्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाला रोज सकाळी पाच सिरिंजा आणि सुया मिळत. एका रुग्णाला टोचून झालं की कोमट पाण्यात खळबळून तीच सुई पुढच्याला. या साथीत 318 जण आजारी पडले आणि 280 दगावले. ज्यांना केवळ इंजेक्शनातून लागण झाली, त्यांतला एकही वाचला नाही. सतरा कर्मचाऱ्यांपैकी अकरा गेले आणि रुग्णालय बंद करावं लागलं. आजार बरा करायची जागाच तो वाटत होती.

इबोला हवेतून गावभर पसरत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब, लाळ, घाम यांचा आपल्या डोळ्यांशी, तोंडाशी किंवा कातडीवरच्या बारीकशा जखमेशी संपर्क आला, की विषाणू आत शिरतो. लागण झाल्यापासून 2 ते 21 दिवसांत लक्षणं दिसतात; तोवर त्या माणसाकडून दुसऱ्याला धोका नसतो. सुरुवातीला ताप, अंगदुखी, कमालीचा थकवा. हे सगळं हिवतापासारखंच दिसतं, म्हणून फसगत होते. पहिल्या तीन दिवसांत रक्ततपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी संशयिताला घरी न सोडता वेगळं ठेवून तपासणी पुन्हा करावी लागते.

चार-पाच दिवसांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. दिवसाला पाच लिटरपर्यंत पाणी शरीरातून जाऊ शकतं. रक्तस्राव सगळ्यांना होत नाही. बहुतेकांचा जीव जातो तो रक्तदाब कोसळून आणि अवयव निकामी होऊन. रुग्ण जितका खालावतो, तितके विषाणू त्याच्या अंगात वाढत जातात. नेमकी तेव्हाच त्याला सर्वांत जास्त शुश्रूषा लागते, म्हणून परिचारिका आणि घरची माणसं आधी सापडतात. मृतदेहही तितकाच धोक्याचा असतो. त्याला अंघोळ घालणाऱ्या नातलगांनाही लागण झाली आहे.

म्हणून वॉर्डात रुग्ण वेगळा, सुई एकदाच वापरायची, आणि सांडलेल्या स्रावांवर 0.5 टक्के क्लोरीनचं द्रावण. दोन जोड हातमोजे, पाणी न झिरपणारा गाऊन, मास्क, चेहरा झाकणारी ढाल हे सगळं घालणं त्यामानानं सोपं. खरी जोखीम ते काढताना असते. बाहेरची बाजू माखलेली, माणूस घामानं थबथबलेला, दमलेला. चष्मा काढताना हात नकळत डोळ्याकडे जातो. म्हणून समोर एक सहकारी उभा राहून एकेक पायरी मोठ्यानं सांगतो, आणि प्रत्येक पायरीनंतर हात निर्जंतुक करायचे असतात. असा सहकारी हजर नसेल, तर कुणीही त्या वॉर्डात पाऊल ठेवू नये.