प्रत्येक दिव्याला त्याचं सर्किट ठाऊक हवं

स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळ्यांच्या जाळीत पाईप आणि फॅन बॉक्स बांधले जातात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर काँक्रीट पडतं आणि पंखा कुठे लटकणार हे कायमचं ठरून जातं. भिंतीतल्या बोर्डांना थोडी सवलत असते, पण प्लास्टर झाल्यावर तिथेही छिन्नी-हातोडाच लागतो. म्हणून घराचं वायरिंग आधी संगणकावर, कॅडमध्ये, काढून घ्यायचं. हे ड्रॉइंग कसं तयार होतं आणि त्यात चुका कुठे लपतात, ते एका साध्या दोन बेडरूमच्या घरावरून पाहू.

आर्किटेक्टचा प्लॅन फिकट राखाडी रंगात तळाशी ठेवायचा आणि त्यावर विजेचं काम वेगवेगळ्या लेयरवर काढायचं: दिवे-पंखे एका लेयरवर, पॉवर पॉइंट दुसऱ्यावर, बोर्ड तिसऱ्यावर, वायरिंगच्या रेषा चौथ्यावर. प्लॅनमधलं फर्निचर आणि दाराची उघडझाप दाखवणारे कंस मात्र पुसायचे नाहीत. दार उघडल्यावर बोर्ड त्याच्या मागे जातो का, हे त्या कंसावरूनच कळतं. बोर्ड नेहमी कडीच्या बाजूला, चौकटीपासून वीतभर अंतरावर आणि जमिनीपासून साधारण 1200 मिलिमीटर उंचीवर घ्यायचा.

आता हॉलचा बोर्ड जवळून पाहू. दोन ट्यूब, एक पंखा आणि एक साधा सॉकेट यांचे मिळून चार स्विच. रेग्युलेटर दोन मॉड्यूलचा धरला आणि सॉकेटही दोनचा, म्हणजे बेरीज आठ. आठ मॉड्यूलची प्लेट बाजारात मिळते, काम झालं. पण बाल्कनीच्या दिव्याचा स्विचही इथेच हवा असं कुणी म्हटलं, की बेरीज नऊ होते. आठनंतरची नेहमीची प्लेट थेट बाराची असल्यामुळे भिंतीतला बॉक्स बदलावा लागतो. तो स्विच बाल्कनीच्या दाराशी दिला तर वापरायला सोयीचा आणि प्लेटही आठचीच राहते. हा हिशेब ड्रॉइंगवर बोर्डाशेजारीच लिहायचा, म्हणजे वायरमन योग्य मापाचा बॉक्स बसवतो.

बोर्डापासून प्रत्येक पॉइंटपर्यंतची रेषा वक्र काढतात, कारण सरळ काढली तर ती भिंतीच्या रेषांत हरवते. ही रेषा फक्त कोणता स्विच कशाचा, एवढंच सांगते. पाईप खरा कुठून जातो हे ती दाखवत नाही, त्यामुळे तिची लांबी मोजून वायर मागवली तर कमी पडते. भिंतीतला चढ-उतार त्यात धरलेलाच नसतो.

कॅडची खरी ताकद चिन्हांमध्ये आहे. ट्यूब, पंखा, सॉकेट यांची चिन्हं नुसती रेषांनी न काढता ब्लॉक म्हणून बनवायची आणि प्रत्येक ब्लॉकला दोन माहित्या जोडायच्या: `CKT` म्हणजे सर्किटचा क्रमांक आणि `WATT` म्हणजे भार. सगळी चिन्हं जागेवर बसली की ऑटोकॅडमध्ये `DATAEXTRACTION` ही आज्ञा चालवून या माहितीचा तक्ता काढता येतो. त्यावरून सर्किटवार बेरीज केली की लोड शेड्यूल तयार. तक्ता हाताने वेगळा टाइप केला, तर प्लॅनमधला एक पॉइंट हलला की दोघांची फारकत होते.

आपल्या घरात ट्यूबला 20, पंख्याला 60, साध्या सॉकेटला 100 आणि पॉवर सॉकेटला 1000 वॅट धरू. हॉल, स्वयंपाकघर आणि बाल्कनी मिळून L1: आठ पॉइंट, 370 वॅट. पहिली बेडरूम आणि तिचं बाथरूम L2: सात पॉइंट, 340 वॅट. दुसरी तशीच, L3. स्वयंपाकघरातले दोन पॉवर सॉकेट P1, फ्रिज आणि वॉशिंग मशीन P2, दोन्ही प्रत्येकी 2000 वॅट. दोन गिझर G1, G2, तेही 2000 वॅटचे, आणि दोन एसी A1, A2, प्रत्येकी 1800 वॅटचे. एकूण 12,650 वॅट. 230 व्होल्टला हे 55 अँपिअर होतात. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण सहा दशांश भार धरला तरी 33 अँपिअर येतात. म्हणून इथे थ्री फेज घेऊ.

चूक होते ती बेडरूममध्ये. दोन्ही बेडरूम सारख्या, म्हणून पहिलीचं सगळं काम `MIRROR` करून दुसरीत टाकलं. चिन्हांबरोबर `CKT` मधला L2 सुद्धा तिकडे गेला. पडद्यावर चित्र अगदी बरोबर दिसतं. तक्त्यात मात्र L2 वर चौदा पॉइंट येतात आणि L3 गायब असतो. दिव्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट ही आपल्याकडची रूढ मर्यादा. इथे वॅट 680 म्हणजे मर्यादेतच आहेत, म्हणून फक्त वॅट पाहणाऱ्याला काही कळत नाही. पॉइंट मोजणाऱ्यालाच चूक सापडते. दुसरी चूक `EXPLODE` ची. ब्लॉक फोडला की चिन्ह दिसत राहतं, पण त्याची माहिती जाते आणि तो पॉइंट मोजणीतून वगळला जातो. म्हणून प्लॅनवरचे पॉइंट एकदा बोटाने मोजून तक्त्याशी ताडायचे.

शेवटी तीन फेजची वाटणी. समजा R वर दोन्ही एसी आणि L1, Y वर दोन्ही गिझर आणि L2, B वर दोन्ही पॉवर सर्किट आणि L3 दिले. भार होतो 3970, 4340 आणि 4340. कागदावर वाटणी छान दिसते. पण सकाळी दोन्ही गिझर लागले की एकटा Y 17 अँपिअरवर जातो, आणि रात्री एसीचा सगळा भार एकट्या R वर. आता R वर L1, G1, P1, Y वर L2, G2, A1, आणि B वर L3, A2, P2 देऊ. भार 4370, 4140, 4140. बेरीज तीच 12,650, पण सकाळचे गिझर दोन फेजवर आणि रात्रीचे एसीही दोन फेजवर. फेज वाटताना वॅटबरोबर घड्याळही बघावं लागतं, आणि हे काम कॅड करत नाही.

तक्त्याच्या शेवटच्या दोन रकान्यांत वायर आणि एमसीबी. दिव्यांना दीडची वायर आणि 10 अँपिअर, गिझरला अडीचची आणि 16, एसी आणि पॉवर सर्किटला चारची आणि 20. एमसीबी यंत्राच्या गरजेपेक्षा मोठा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा लहान असावा लागतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून कुणी अडीचच्या वायरवर 32 चा बसवला, तर वायर तापून वितळेल तरी तो पडणार नाही.

घर बांधत असाल, तर स्लॅबच्या आधी हे ड्रॉइंग आणि तक्ता मागून घ्या, आणि काम संपल्यावर तक्त्याची एक प्रत डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दहा वर्षांनी कोणताही वायरमन आला, तरी त्याला कोणता एमसीबी कशाचा हे शोधत एकेक खटका पाडून बघावा लागणार नाही.