सहा बाटल्या आणि एम-थ्रीचा पेपर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. सकाळी १० वाजता एम-थ्रीचा पेपर, आणि आदल्या रात्री निम्मा सिलॅबस बाकी. होस्टेलसमोरच्या टपरीवर २५० मिलिलीटरची एनर्जी ड्रिंकची बाटली वीस रुपयांना मिळते. रात्री १० ला तो पहिली फोडतो. मग १२, २, ४ आणि ६ वाजता एकेक. मध्ये दोन-दोन तासांचं अंतर ठेवलंय, म्हणजे जास्त होत नाही, असा त्याचा हिशेब. साडेआठला, नाश्त्याला फाटा देऊन, सहावी.

साडेनऊला परीक्षेच्या हॉलबाहेर उभा असताना छातीत धडधड सुरू होते. हात थरथरतात, हॉलतिकीट हातात नीट धरता येत नाही. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. पाठ केलेला लाप्लासचा फॉर्म्युला आठवत नाही आणि डोक्यात एकच घोळत राहतं: मला हार्ट अटॅक येतोय.

चुकला तो दोन तासांच्या हिशेबात. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयांत लिटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे एका बाटलीत ७५ च्या आसपास. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. त्यामुळे दोन तासांनी पुढची बाटली उघडताना आधीचीच बरीचशी शिल्लक असते. ढोबळ गणित केलं तर साडेनऊला त्याच्या अंगात दोनशे मिलिग्रॅमच्या वर कॅफिन होतं, म्हणजे जवळजवळ तीन बाटल्या एकदम प्यायल्यासारखं. रात्रभरात एकूण ४५० गेलं होतं. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० च्या आत राहावं, असं युरोपातील अन्नसुरक्षा संस्था सांगते. आपल्याकडच्या बाटलीवर तर दिवसाला ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त पिऊ नये, असं छापलेलंच असतं. अक्षर इतकं बारीक की रात्री दोनला ते कोण वाचणार!

आणि कॅफिन ताकद देत नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. ते जिथे जाऊन बसतं, ती जागा कॅफिन अडवतं. झोप उडाल्यासारखी वाटते, पण अ‍ॅडेनोसिन साचतच राहतं. सोबत अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी जोरात चालते. म्हणजे धडधड खरी होती. तिचा त्याने लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता. त्या भीतीने तो भराभर श्वास घेऊ लागला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला आणि त्यातून मुंग्या आल्या. मुंग्यांनी भीती आणखी वाढली. एरवी दोन कप कॉफी पचवणारा माणूसही रात्रभराचं जागरण, रिकामं पोट आणि पेपरची धास्ती यांच्या जोडीला असं कोलमडू शकतो. ज्यांना आधीपासून पॅनिकचा त्रास आहे, त्यांना तर त्याहून कमी कॅफिन पुरतं.

सुपरवायझर मॅडमनी त्याला बाकावर बसवलं. "काय प्यायलास रे रात्रभर?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तोच बरोबर होता. श्वास हळू सोडायला लावला, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. तोंडावर पिशवी वगैरे धरायला लावली नाही, हे चांगलं केलं. तो जुना उपाय धोक्याचा ठरू शकतो. अशी लाट बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि मग हळूहळू ओसरते. तशी ती ओसरली. पेपर त्याने दिला, अर्थात लाप्लासचा प्रश्न सोडून.

दुपारी अडीचला त्याच्या अंगात अजून शंभरेक मिलिग्रॅम होतं, संध्याकाळी साडेसातला पन्नासेक. दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी लवकर झोपायचं म्हटलं तरी झोप सहज लागणार नव्हती. अशा वेळी मुलं पुन्हा टपरी गाठतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. त्यामुळे पहाटे चारच्या बाटलीपेक्षा चार तासांची झोप जास्त मार्क देते, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र प्रत्येक धडधड भीतीचीच असते असं समजू नका. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, उलट्या न थांबणं किंवा झटके येणं, यांतलं काहीही दिसलं तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि किती बाटल्या, किती वाजता प्यायल्या, हे डॉक्टरांना न लपवता सांगा.